सकाळी साडेसातपर्यंत कळवीन

९ जून २०२५, सोमवार

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन ७, थायरॉइड ठीक. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं होतं, म्हणून डॉक्टरबाईंनी गेल्या आठवड्यात ओपीडीतच बारीक नळीने त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. त्यात वाईट काही निघालं नाही. पंचेचाळिशीनंतर अंगावरून एवढं जात असेल, तर हे तपासल्याशिवाय ‘वयाचंच आहे’ म्हणून सोडून द्यायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. एफएसएच करायची का, असं मी विचारलं. पाळी अशी मागेपुढे होत असताना त्या आकड्याचा उपयोग नाही, तो आज वर तर चार दिवसांनी खाली. सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती गेली असं म्हणायचं. मी त्याच्या आधीच्या उताराच्या वर्षांत आहे.

उपचार ठरला. गर्भाशयात हार्मोन सोडणारी टी बसवायची, म्हणजे अस्तर पातळ होऊन रक्तस्राव आटोक्यात येईल. रात्रीच्या घामासाठी इस्ट्रोजेनचं जेल रोज हाताला चोळायचं. त्याआधी त्यांनी अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्या, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, रक्तदाब, सगळं खोदून विचारलं. लोहाची गोळी एक दिवसाआड. जास्त जाईल त्या दिवसांत ट्रॅनेक्सामिक ॲसिड.

“कधी बरं वाटेल?” या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं. जेलचा गुण काही आठवड्यांत दिसू लागेल, पुरता यायला तीन महिने लागतील. टी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने रक्त अनियमितच दिसेल. हिमोग्लोबिन महिन्याभरात चढायला लागतं, पण शरीरातला लोहाचा साठा भरायला त्यानंतरही काही महिने लागतात.

म्हणजे औषध सुरू झालं तरी हा पावसाळा असाच काढायचा आहे. ऑफिसशी बोलायलाच हवं.

१२ जून, गुरुवार

डॉक्टरबाईंनी लिहायला लावलेली नोंदवही आज कामाच्या दृष्टीने वाचली. त्यांना हवी होती पॅडची संख्या, गुठळ्या रुपयाच्या नाण्याहून मोठ्या आहेत का, रात्री जाग कधी आली, एवढंच. मी समासात दुसऱ्या दिवशीचं कामही लिहीत गेले होते, आणि आता तोच समास उपयोगी पडतोय.

त्यातून दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि आजवर मी त्या एकत्र करत होते.

पहिली रात्रीची. साधारण दोनच्या सुमारास छातीतून गरम लाट वर येते, मानेखालचं सगळं भिजतं, मग थंडी वाजते. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं जे केंद्र आहे, ते इस्ट्रोजेन कमी झाल्यावर फार हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी घाम सोडायला लावतं. लाट पाच मिनिटांत ओसरते, पण झोप साडेचारपर्यंत येत नाही. आणि साडेपाचला उठायचं असतं, कारण आठची फास्ट पकडून साडेनऊला परळला हजर व्हायचं. अशा रात्रीनंतर नऊ ते अकरा हे दोन तास माझे नसतात. समोरच्या मोटार विम्याच्या क्लेमच्या फाइलमधली ओळ तीनदा वाचावी लागते. अकरानंतर डोकं चालू होतं, आणि दुपारी तर मी पूर्वीइतकीच चोख असते. हे वहीत पानोपानी आहे.

दुसरी रक्तस्रावाची. तासाला एक पॅड भिजतो असे एक-दोन दिवस येतात. त्या दिवशी मी काम करू शकते. डोकं ठिकाणावर असतं, फक्त उठून बाथरूमला जाता आलं पाहिजे. जे जमत नाही, ते डोंबिवली ते दादर. लेडीज डब्यात उभ्याने पाऊण-एक तास, आणि लोकलमध्ये शौचालय नाही. आणि हे दिवस सांगून येत नाहीत. एकदा तीन आठवड्यांतच पाळी आली, मग जवळजवळ दोन महिने काही नाही, मग अचानक, ऐन महिनाअखेरीस.

रात्रीच्या त्रासाला उशिराची वेळ हवी. रक्तस्रावाला घरून काम हवं, आणि तेही वार न ठरवता. एकाच ‘सवलती’त दोन्ही बसवायला गेले, तर एकही धड मिळणार नाही.

१५ जून, रविवार

ताईला फोन केला. ती म्हणाली, “‘तब्येतीच्या कारणास्तव’ एवढंच लिही. बॉस पुरुष, त्यातून तुझ्याहून लहान. कशाला सगळं सांगतेस?”

दिवसभर विचार केला आणि नाही म्हणायचं ठरवलं. मोघम लिहिलं, की समोरचा मोघमच उपाय देतो: आजारी रजा घ्या, विश्रांती घ्या. मला विश्रांती मागायची नाही, कामाचे तास हलवून हवे आहेत. का, ते कळल्याशिवाय त्यांना तास कसे हलवायचे हे कळणार नाही. पण सगळं सांगायचीही गरज नाही. गुठळ्या आणि पॅड डॉक्टरांसाठी. ऑफिससाठी तीन गोष्टी पुरतात: काय चाललं आहे, त्याने कामाच्या कोणत्या तासांवर परिणाम होतो, आणि किती काळ.

कायद्याचा आधारही बघितला. प्रसूतीच्या रजेनंतर घरून काम देण्याची तरतूद २०१७च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली. या वयासाठी तसं काही नाही. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाच्या आणि आठवड्याच्या तासांची मर्यादा आहे, सुरुवात किती वाजता करायची हे मालकावर. तेव्हा पत्रात हक्काची भाषा नको. कामाचा हिशेबच मांडायचा.

१६ जून, सोमवार

सरांना मराठीत, एचआरला इंग्रजी प्रत. चार वेळा माफी मागितली होती, ती सगळी वाक्यं मुलीने खोडली. “आई, तू काय उधार मागतेयस का?” उरलं ते असं:

“आदरणीय सर,

पाळी जाण्याच्या आधीचा काळ मला सध्या तीव्र स्वरूपात जाणवतो आहे. रात्री घाम येऊन झोप मोडते, आणि अनियमित, जास्त रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन उतरलं आहे. उपचार सुरू झाले आहेत. डॉक्टरांच्या मते गुण यायला सुमारे तीन महिने लागतील. मी कामासाठी सक्षम आहे, तसं त्यांचं पत्र सोबत जोडलं आहे.

२३ जूनपासून तीन महिन्यांसाठी माझी विनंती अशी: कामाची वेळ साडेनऊ ते सहाऐवजी अकरा ते साडेसात असावी. त्याशिवाय महिन्यातून जास्तीत जास्त चार दिवस घरून काम करण्याची मुभा असावी. हे दिवस आधी सांगता येणार नाहीत. त्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत मी आपल्याला कळवीन.

कामाचं असं होईल. गॅरेजचे अंदाज आणि सर्व्हेअरचे अहवाल बहुतेक दुपारी बारानंतर येतात आणि मंजुरीची घाई संध्याकाळी असते. त्या वेळी मी उशिरापर्यंत उपलब्ध राहीन. साडेनऊच्या बैठकीसाठी माझ्या प्रलंबित क्लेमची यादी मी आदल्या संध्याकाळी पाठवीन. अकराच्या आधी तातडीचं काही आलं, तर सकाळच्या सहकारी ते बघतील. त्यांच्या संध्याकाळच्या फाइली मी घेईन. त्यांच्याशी मी बोलले आहे.

माझं पद, मंजुरीची मर्यादा आणि कामाचं मूल्यमापन आहे तसंच राहावं. टीमला फक्त वेळेचा बदल कळवावा, कारण आपल्यापुरतं आणि एचआरपुरतं राहावं.

तीन महिन्यांनी एकत्र बसून आढावा घेऊ.”

‘कामासाठी सक्षम’ हे शब्द डॉक्टरबाईंकडून मुद्दाम लिहून घेतले. नुसतं ‘विश्रांतीची गरज’ असतं, तर प्रकरण थेट आजारी रजेच्या खात्यात गेलं असतं.

१९ जून, गुरुवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पत्र दोनदा वाचलं असावं, कारण त्यांनी ‘तब्येत कशी आहे’ असं मोघम न विचारता झोपेबद्दल विचारलं. मला ते बरं वाटलं.

अकराची वेळ लगेच मान्य झाली. अडलं ते घरून कामावर. “मॅडम, पॉलिसीप्रमाणे आठवड्यातून एक ठरलेला वार देता येतो. बुधवार घ्या ना.” चांगल्या मनाने म्हणत होते. मी वहीतला समास त्यांना दाखवला, फक्त तारखा आणि ‘प्रवास जमला नाही’ एवढ्या खुणा. एकही वार जुळत नव्हता. बुधवार मिळाला, तर बहुतेक बुधवारी मी विनाकारण घरी असेन आणि जेव्हा गरज असेल तेव्हा लोकलमध्ये. ते बराच वेळ त्या तारखांकडे बघत राहिले.

मग त्यांनी दुसरी वाट काढली: तीन महिने मला मंजुरीच्या टेबलावरून हलवून जुन्या क्लेमच्या ताळमेळाचं काम द्यायचं, ‘ताण कमी होईल’ म्हणून. याला मी स्पष्ट नकार दिला. त्या टेबलावर पोचायला मला वीस वर्षं लागली आहेत. एकदा उठलेला माणूस तिथे परत बसत नाही, हे मी इतर बायकांच्या बाबतीत बघितलं आहे, बाळंतपणानंतरही आणि सासूच्या आजारपणानंतरही. मी म्हणाले, “सर, ताण कामाचा नाही. दुपारी बारानंतरच्या माझ्या फाइली काढून बघा. त्यात काही कमी दिसलं, तर आपण यावर बोलू.”

ते बघतो म्हणाले.

२३ जून, सोमवार

उत्तर आलं. अकरा ते साडेसात मंजूर. महिन्यात चार दिवस घरून, वार न ठरवता, साडेसातपर्यंत मेसेज करून. टेबल तेच, मर्यादा तीच. एचआरने एक अट घातली: महिनाअखेरचे शेवटचे दोन दिवस ऑफिसात हजेरी सक्तीची.

ही अट मी तशीच स्वीकारली नाही. मागचा सगळ्यात वाईट दिवस महिनाअखेरीलाच आला होता. परत लिहिलं, की त्या दोन दिवसांत त्रास झाला, तर मी घरून लॉगिन करीन आणि ऑफिसात राहून कराव्या लागणाऱ्या सह्या सकाळच्या सहकारी करतील. त्यासाठी त्यांना त्या दोन दिवसांपुरता अधिकार द्यावा. सरांनी संध्याकाळी ‘ठीक आहे’ असं कळवलं.

आढाव्याची तारीख १९ सप्टेंबर ठरली. त्या वेळी टेबलावर काय असावं हेही मी सुचवलं आहे: मंजुरीला लागलेला वेळ, गॅरेजच्या तक्रारी, घरून काम केलेल्या दिवसांची यादी. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन मी त्याच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा करून घेईन, पण तो आकडा माझ्यापाशी राहील. टी सहा महिने घेते की तीन, यावर पुढची मागणी ठरेल. गुण आला असेल तर घरचे दिवस मी स्वतःहून दोनवर आणीन, रात्री झोप अजून मोडत असेल तर अकराची वेळ आणखी तीन महिने मागीन.