चार पाकळ्या की सहा?

चि. मुक्ता,

लीड्सच्या कुंपणावरच्या पिवळ्या फुलांचे फोटो पोचले. आईने पाहताक्षणी त्यांना पिवळी जाई ठरवलं. तिचं फार चुकलं नाही, कारण इंग्लंडमध्ये हिवाळा सरताना निष्पर्ण फांद्यांवर पिवळी फुलं येणारी दोन झुडपं सर्रास लावलेली असतात. त्यांतलं एक, हिवाळी जाई, खरोखरच जाईचं भावंड आहे. रॉबर्ट फॉर्च्यूनने ते 1844 मध्ये चीनमधून तिकडे नेलं. दुसरं फोर्सिथिया. त्याला विल्यम फोर्सिथ या राजघराण्याच्या माळ्याचं नाव मिळालं. दोन्ही झुडपं मोगरा-पारिजातकाच्या कुळातली, म्हणून घोटाळा होतो.

आधी पाकळ्या मोजाव्यात. फोर्सिथियाला लांबट चार, हिवाळी जाईला बहुधा सहा, क्वचित पाच. दोन्हींत पाकळ्या बुडाशी जुळून नळी होते, म्हणून मोजणी टोकांवरून नव्हे, तर नळीच्या तोंडापासून करावी. तुझ्या दुसऱ्या फोटोत एक फूल पाच पाकळ्यांचं दिसतं, पण मोठं करून पाहिलं की पाचवी पाकळी मागच्या फुलाची निघते. शेजारच्या समोरून टिपलेल्या तिन्ही फुलांत चारच आहेत. एका फुलावर भरवसा ठेवू नये तो यासाठीच.

कळ्यांनीही तेच सांगितलं. जाईची कळी बारीक, लांब आणि बाहेरून तांबूस झाक असलेली असते. तुझ्या फोटोतल्या कळ्या आखूड, टोकदार, बुडाशी तपकिरी खवल्यांच्या, आणि एकाच पेरावर दोन-तीन. तांबूसपणा कुठेच नाही. फांदीही तपकिरी, बारीक फिकट पुटकुळ्यांची आहे. जाईची फांदी हिरवी आणि कंगोरेदार असते, अगदी ऐन थंडीतसुद्धा.

म्हणजे हे फोर्सिथियाच.

पानांची कड मात्र या फोटोंत तपासता येत नाही, कारण पानं फुलांनंतर येतात. मे महिन्यात त्याच फांदीचा फोटो काढ, पान सपाट धरून, मागे हात किंवा कागद ठेवून. फोर्सिथियाच्या पानाला कडेने दाते असतात, विशेषतः वरच्या अर्ध्या भागात. जाईचं पान तीन पर्णिकांचं आणि कडा दात्यांविना. फक्त तीनच्या आकड्यावर विसंबू नकोस. फोर्सिथियाच्या जोमदार कोंबांवर कधीकधी तीन भागांची पानंही येतात. तेव्हा कडेचे दातेच निर्णायक.

घरमालक कुंपण छाटणार असतील, तर फुलं गळाल्याबरोबर लगेच छाटायला सांग. पुढच्या वर्षीच्या कळ्या यंदाच्या नव्या फांद्यांवर उन्हाळ्यातच धरतात. शरद ऋतूत कात्री चालली की त्या कळ्या कापल्या जातात आणि वसंतात नुसती हिरवी पानं उरतात.

तुझी,
सुमामावशी