जहाजाचा नांगर, वावरातला नांगर

नांदेडच्या अभ्यासकेंद्रावर रविवारची संपर्कसत्रे संपली की काही विद्यार्थी मागे रेंगाळतात. अडचण अभ्यासाची असेल तर ते वर्गातच विचारतात. मागे राहणाऱ्यांची अडचण बहुधा वेगळी असते. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी अर्धापूरकडच्या एका गावातून येणाऱ्या ताई थांबल्या. वय अडतीस. दहावीनंतर लग्न झाले, मध्ये वीस वर्षे गेली आणि आता त्यांनी बी. ए. मराठीचे पहिले वर्ष पूर्ण केले होते. दुसऱ्या वर्षाचा प्रवेशअर्ज पिशवीत तसाच कोरा होता आणि त्याच्यासोबत एक गुळगुळीत कागदावर छापलेला चौदा पानी अहवाल. मुलीला करिअर-मार्गदर्शनासाठी नेले असता आपणही चाचणी देऊन पाहावी, असे त्यांना वाटले होते.

"सर, मला भाषाच येत नाही म्हणतेत हे लोक. मग मराठी घेऊन काय करू?"

अहवालात लिहिले होते: भाषिक अभिक्षमता, पर्सेंटाइल 27, 'सरासरीपेक्षा कमी'. व्यक्तिमत्त्वाच्या पानावर 'अंतर्मुख' असा शिक्का आणि त्याखाली 'अध्यापनासारखी क्षेत्रे टाळावीत' असा सल्ला. या बाई गावातल्या बचतगटाचे इतिवृत्त गेली नऊ वर्षे लिहीत आहेत. तहसीलमध्ये द्यायचे अर्ज निम्म्या गावाला त्याच लिहून देतात. मला राग आला. परंतु रागाने आकडा खोटा ठरत नाही. आम्ही दोघांनी तो अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आधी सांगावे लागले. ताईंची समजूत अशी होती की आपल्याला शंभरापैकी सत्तावीस गुण मिळाले, म्हणजे आपण नापास. प्रत्यक्षात 27 याचा अर्थ एवढाच की ज्या गटाशी तुलना केली, त्या गटातले शंभरातले सुमारे सत्तावीस जण त्यांच्या मागे होते. तो गट कोणता? शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत उत्तर होते: महानगरांतील शाळांमध्ये शिकणारे नववी ते बारावीचे विद्यार्थी. मानसशास्त्रात याला चाचणीची 'प्रमाणके' म्हणतात. वीस वर्षांत वेळ लावून परीक्षा न दिलेल्या प्रौढ स्त्रीला रोज सराव चाचण्या देणाऱ्या मुलांच्या रांगेत उभे केले होते. रांगेतले स्थान खरे असेलही. रांग मात्र त्यांची नव्हती.

त्याच पानावर आणखी काही आकडे होते, ज्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. भाषिक चाचणीत चाळीस प्रश्न. ताईंचे बरोबर सतरा. गटाची सरासरी वीस, प्रमाण विचलन पाच आणि विश्वसनीयता 0.84. विश्वसनीयता म्हणजे तीच चाचणी त्याच माणसाला पुन्हा दिली तर निकाल किती जुळेल, याचे माप. ती 1 असती तर सतरा म्हणजे सतराच. 0.84 ही चांगलीच म्हणायची, तरीही चूक उरते आणि ती मोजता येते. 1 मधून 0.84 वजा केले की 0.16 उरतात, त्याचे वर्गमूळ 0.4, त्याला पाचने गुणले की 2. ही झाली मापनाची प्रमाण त्रुटी. ढोबळ नियम असा की मिळालेल्या गुणांच्या दोन्ही बाजूंना या त्रुटीच्या दुप्पट अंतर ठेवले, तर माणसाची खरी पातळी त्या पट्ट्यात असल्याचे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. ताईंचा पट्टा तेरा ते एकवीस. तेरा गुणांचे पर्सेंटाइल येते 8, एकवीसचे 58.

म्हणजे प्रामाणिक अहवालाने लिहायला हवे होते: 'ही व्यक्ती या गटात बरीच मागे असू शकेल किंवा सरासरीच्या थोडी पुढेही असू शकेल.' असे वाक्य लिहिले तर शुल्क कोण देईल, हा भाग निराळा.

मला भाषाशास्त्राचा माणूस म्हणून खरी उत्सुकता होती ती प्रश्नांची. प्रश्नपत्रिका घरी देत नाहीत, तेव्हा ताईंना जे आठवत होते तेच मी विचारले. एक प्रश्न त्यांना नेमका आठवत होता, कारण त्यावर त्या अडल्या होत्या. मोटारीला थांबवण्यासाठी ब्रेक, तसे जहाजाला काय? पर्याय: शीड, वल्हे, सुकाणू, नांगर. ताईंनी 'सुकाणू' निवडले. नांगर का नाही, असे विचारताच त्या हसल्या. "नांगर वावरात असतो, सर. जहाजात कशाला जाईल?"

मराठीत नांगर हा शब्द दोन वस्तूंचे नाव आहे. कोकणच्या किनाऱ्यावरच्या मुलाला दोन्ही ठाऊक. मराठवाड्यातल्या शेतकरी घरात एकच ठाऊक, पण तो मुळापासून. ताईंनी तर्काने एक पर्याय वगळला होता आणि त्यांच्या शब्दसंग्रहापुरता तो तर्क निर्दोष होता. दुसरा प्रश्न समानार्थी शब्दाचा: 'वावर'. पर्यायांत 'संचार' होते आणि 'शेत'ही होते. त्यांनी 'शेत' निवडले. उत्तरतक्त्यात काय होते हे मला पाहायला मिळाले नाही, पण शहरी पुस्तकी वापर धरला तर 'संचार' असणार. नांदेड-लातूरकडे वावर म्हणजे शेतच. शब्दकोशही हा अर्थ देतो. हे दोन प्रश्न त्यांच्या बाजूने मोजले तर सतराचे एकोणीस होतात आणि पर्सेंटाइल 27 वरून 42 वर जाते. दोन शब्दांचा हा फरक. चाचणी भाषिक क्षमता मोजत होती आणि सोबतच माणूस कोणत्या गावी वाढला, हेही मोजत होती. निकालात मात्र दोन्ही एकाच आकड्यात मिसळले होते.

येथे थांबून चाचणीची दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर आपण वकिली करतो आहोत असे होईल. त्याच अहवालात अंकगणितीय क्षमतेत ताईंना चाळीसपैकी चोवीस गुण होते, पर्सेंटाइल 79. येथेही सरासरी, विचलन आणि विश्वसनीयता तीच असल्याने त्रुटीचा पट्टा वीस ते अठ्ठावीस. त्यातला सर्वांत खालचा आकडा धरला तरी त्या शहरी मुलांच्या मध्यावर येतात. आपल्याला गणित येत नाही, असे त्या आयुष्यभर मानत आल्या होत्या, कारण दहावीला गणितात त्या जेमतेम उत्तीर्ण झाल्या होत्या. अनोळखी शब्द, अनोळखी गट, सरावाचा अभाव ही सारी ओझी त्यांच्या विरोधात असताना आलेला हा वरचा आकडा सहजी झटकता येत नाही. अशा परिस्थितीत खालचा आकडा अनेक कारणांनी येऊ शकतो, वरचा येण्याची कारणे फार थोडी असतात. अभिक्षमता चाचणीचा मला पटलेला उपयोग हाच: कोणी विचारले नाही म्हणून दडून राहिलेली गोष्ट ती कधी कधी उजेडात आणते.

व्यक्तिमत्त्वाच्या पानावर फार वेळ घालवण्याची गरज नव्हती. वीस विधानांपैकी अकरा उत्तरे अंतर्मुखतेकडे, नऊ बहिर्मुखतेकडे; एवढ्यावर शिक्का. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी युंगच्या कल्पनांवरून माणसांचे सोळा प्रकार रचले, तेव्हापासून ही पद्धत लोकप्रिय आहे. पण बहुतेक माणसे मधल्या भागात असतात आणि मधोमध रेघ ओढली की एका उत्तराने प्रकार बदलतो. 'मी अनोळखी लोकांशी सहज बोलते' यावर ताईंनी 'नाही' लिहिले होते. ज्या घरात सुनेने परक्या माणसाशी बोलण्याची रीतच नाही, तिथे या उत्तरातून स्वभाव कळतो की घर?

असा अहवाल चुकीचा वाचण्याचा अनुभव मला घरचाही आहे. 2016 मध्ये राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू झाली, तेव्हा मी लातूरच्या महाविद्यालयात होतो. माझा पुतण्या त्या पहिल्या तुकडीतला. त्याचा कल आरोग्यक्षेत्राकडे आला. लातुरात आधीच गल्लोगल्ली मेडिकलची तयारी. त्यात हा कागद. 'आता तर शासनानेच सांगितले,' असे मी माझ्या भावाला म्हणालो. त्या वेळची ती चाचणी आवड विचारणारी होती; क्षमतेचा भाग तिला पुढे जोडला गेला. आवड आणि क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात शिकवता येईल इतके मला ठाऊक होते. घरात ते आठवले नाही.

1927 मध्ये एडवर्ड स्ट्राँग यांनी अमेरिकेत जी अभिरुची चाचणी रचली, तिची रीत पाहिली तर हा भेद स्पष्ट होतो. एखाद्या व्यवसायात टिकून असलेल्या लोकांच्या आवडीनिवडी त्यांनी नोंदवल्या आणि सर्वसाधारण लोकांपेक्षा त्या कुठे वेगळ्या आहेत ते पाहिले. तुमची उत्तरे डॉक्टरांच्या उत्तरांशी जुळली, म्हणजे त्या लोकांना जे रुचते ते तुम्हालाही रुचते. त्या कामात तुमचे मन रमेल, असा अंदाज त्यातून निघतो. प्रवेशपरीक्षा पार होईल की नाही, याबद्दल ती चाचणी काहीच बोलत नाही; तिला तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

पुतण्याने बारावीनंतर नीटची परीक्षा तीनदा दिली. तिसऱ्या निकालाच्या दिवशी तो घरी आला नाही. रात्री उशिरा बसस्थानकावर सापडला. त्या दोन वर्षांचा हिशेब माझ्याकडे निघतो आणि तो त्याने मला कधी मागितलेला नाही. आज तो उदगीरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रक्ताच्या नमुन्यांविषयी बोलू लागला की थांबत नाही. कल चाचणीने सांगितले होते ते बरोबरच होते. आरोग्यक्षेत्रात डॉक्टरखेरीज इतरही माणसे काम करतात, हे आम्हाला वाचता आले नव्हते.

ताईंना मी हे सगळे सांगितले. मग कागद पुढे केला आणि म्हटले, वावरातल्या नांगराच्या भागांची नावे लिहा. त्यांनी रुमणे, फाळ, हळस, जू, शिवळ अशी सुरुवात केली आणि प्रत्येकापुढे तो भाग कशाचा करतात, तेही लिहीत गेल्या. शिवाय एका भागाला त्यांच्या माहेरी दुसरे नाव आहे, ही नोंद त्यांनी आपणहून कंसात केली. बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्या माझ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ही सवय लावायला मला एक सत्र लागते.

दुसऱ्या वर्षाचा अर्ज त्यांनी त्याच टेबलावर भरला. पुढे बी. एड. करावे की बचतगटाच्या हिशेबाचे काम वाढवावे, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. अंकगणिताच्या त्या 79 मुळे दुसरा विचारही आता त्यांच्या मनात आहे. अहवाल मात्र त्यांनी फेकला नाही. शेवटचे बारीक अक्षरांचे पान मुलीच्या अहवालातही आहे का, ते घरी जाऊन बघते, असे म्हणत त्यांनी तो पुन्हा पिशवीत ठेवला आणि पाचच्या गाडीसाठी त्या लगबगीने निघाल्या.