पहिलं ‘हो ना’

डबा खाताना आमच्यातली एकजण पाण्याची बाटली भरायला उठली. ती दाराबाहेर जाताच कुणीतरी हळूच म्हणालं, “किती सुटलीये ना ही?”

“हो ना,” मी म्हणाले.

मग तिचे दंड, तिचा कुर्ता, तिचं जेवण, सगळं निघालं. ती परत आली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. तिने विचारलं, “काय झालं?” मी तिच्यापुढे लोणचं सरकवलं.

खरं तर त्या सकाळी माझाच कुर्ता मला घट्ट झाला होता. दुसरीचं वजन निघालं, माझं वाचलं. शिवाय पाचजणींत सामील झाल्याची ऊब मिळाली, ती वेगळीच.

डोना एडर आणि जॅनेट एंक या अभ्यासकांनी शाळकरी मुलामुलींच्या अशा गप्पा तपासल्या होत्या. १९९१ साली त्यांनी लिहिलं की कुचाळकी ठरते ती दुसऱ्या वाक्यावर. पहिल्या शेऱ्याला कुणी लगेच विरोध केला तर गप्पा वळू शकतात. एकीनेही दुजोरा दिला, की नंतर विरोध करणं फार अवघड होतं.

म्हणजे त्या दिवशीचं दुसरं वाक्य माझं होतं.

आता मी तेवढंच सांभाळते. “मला तर छान वाटते ती. बरं, तिच्या बहिणीचं लग्न ठरलं का?” बहुतेकदा विषय वळतो. उशीर झालाच, तर बाटली घेऊन उठते. माझ्यामागे माझा विषय निघत असेल. निघू दे.