आभार मानायला उभी राहशील तेव्हा

चि. मुग्धा हिस,

आभाराच्या भाषणाचा तुझा मजकूर मिळाला. फोनवर तू म्हणालीस, ‘आभारच तर मानायचेत मामा, शेवटी ऐकतं कोण?’ रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत होतं. अगं, लोक ऐकत नाहीत कारण आभार मानणारेच त्यांना ऐकू देत नाहीत!

तुझ्या मजकुरात ‘मनःपूर्वक आभार मानते’ सात वेळा आलंय. तुझा एकटीचा दोष नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्याच खुंटीवर येऊन अडकतं आणि तिसऱ्या वाक्यापासून लोक चपला शोधायला लागतात. ‘हार्दिक’, ‘शतशः’, ‘अंतःकरणापासून’ असे शब्द बदलून ते सुटत नाही. ‘आभार’ हा शब्द एकदाच, तोही शेवटी ठेव. मधल्या वाक्यांत त्या माणसाने काय केलं एवढंच सांग. केलेलं नेमकं सांगितलं की आभार आपोआप पोचतात.

आता पाहुण्यांचं घे. सुरक्षा सप्ताहाचं चर्चासत्र, पाहुणे अग्निशमन दलातले निवृत्त अधिकारी. तू लिहिलंस, ‘आपल्या व्यस्त कार्यक्रमातून बहुमूल्य वेळ काढून मोलाचे मार्गदर्शन केले.’ हे वाक्य दंतवैद्यालाही चालेल आणि आयकरवाल्यालाही! त्यांचा परिचय सकाळी सूत्रसंचालकाने वाचलेला असणार, तो परत उगाळू नकोस. मजकुरात तिथे दोन ओळींची जागा कोरी सोड. भाषण चालू असताना पुढच्या रांगेत बसून ऐक आणि एकच गोष्ट टिपून घे. समजा, सिलिंडर तुमच्या हातात देत ते म्हणाले की फवारा ज्वाळेवर न मारता तिच्या बुडाशी मारायचा. मग तू एवढंच म्हण:

‘आग डोळ्यांना वर दिसते, पण विझवायची असते बुडाशी, हे आज साहेबांनी सिलिंडर आमच्या हातात देऊन शिकवलं. उद्या पॅसेजमधून जाताना तो लाल सिलिंडर आम्हांला पहिल्यांदा नीट दिसेल.’

झालं. पाहुण्यांना कळतं की ही मुलगी ऐकत होती. त्यांच्या भाषणाचा सारांश मात्र सांगत बसू नकोस. तो मोह भल्याभल्यांना आवरत नाही, आणि मग आभाराचं दुसरं व्याख्यान होतं.

क्रम म्हणशील तर आधी पाहुणे, मग ज्यांनी परवानगी आणि खर्च दिला ते, मग राबणारे आणि शेवटी श्रोते. राबणाऱ्यांची नावं घ्यायची तर सगळी घे, नाहीतर एकही नको. अकरा नावं घेतलीस आणि बारावं राहिलं, तर तो बारावा वर्षभर तुझ्याकडे बघणार नाही. आणि ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ म्हणून त्याची समजूत निघत नाही. त्यापेक्षा कामं सांग: ‘कालची दुसरी पाळी संपल्यावर ज्यांनी या खुर्च्या मांडल्या आणि मघाशी माइक रुसल्यावर जे धावत आले, त्यांच्यामुळे आजचा दिवस सुरळीत गेला.’ मांडणारे एकमेकांकडे बघून हसतील. प्रत्येक उल्लेखानंतर टाळ्या मागू नकोस.

पाहुण्यांचं आडनाव त्यांनाच विचारून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घे. पत्रिकेवर विसंबू नकोस. सगळं मिळून दीडशे ते दोनशे शब्द, म्हणजे दीड-दोन मिनिटं. जेवणाची सूचना अगदी शेवटच्या वाक्यात. ती आधी दिलीस तर पुढचे आभार रिकाम्या खुर्च्यांनाच! ‘आभार मानून मी ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही’ हे तर कृपा करून काढच. कॉलेजात तू या वाक्याला किती हसायचीस!

समारोप मला असा सुचतो: ‘आणि चार तास जागेवर बसून प्रश्न विचारणारे तुम्ही सगळे. तुमच्याविना हे सत्र म्हणजे नुसतं भाषण झालं असतं. सर्वांचे आभार. जेवण तयार आहे.’ प्रश्न कोणी विचारलेच नाहीत, तर ‘प्रश्न विचारणारे’ खोडून टाक. खोटे आभार ऐकणाऱ्याला ताबडतोब कळतात.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तुमच्या प्लँट हेडचं नाव मजकुरात चार वेळा आहे, आणि दोनदा ‘ज्यांच्या कृपेने’. ही भाषा तुझी नाही. तुला कोणी तसं लिहायला सांगितलं का? दिवाळीत आलीस तेव्हाही त्यांचा विषय निघाला की तू उठून स्वयंपाकघरात जात होतीस. मामीच्या ते लक्षात आलं होतं. बढतीचं काही अडलंय की आणखी काही? रात्री नऊनंतर मी जागाच असतो. मजकुराचं निमित्त करून फोन कर. बाबांना यातलं मी काही बोललेलो नाही.

तुझा,
मामा