पुडीत काय होतं?

रेल्वे फलाटावरच्या निरोपाच्या फोटोची एक अडचण आहे. त्यात जाणारा कोण आणि राहणारा कोण, हे परक्या माणसाला कळत नाही. गाडी उभी असते, डब्याच्या दारात दोघं-तिघं असतात, खाली दोघं-तिघं असतात, सगळेच कॅमेऱ्याकडे बघत असतात. हा फोटो पाहुण्यांना उतरवून घेतानाचा आहे असं सांगितलं, तरी कुणी हरकत घेणार नाही. स्लीपरच्या डब्यात निदान खिडकीच्या गजांतून हात आत-बाहेर होतात. एसी डब्याची काच बंद असते, म्हणून जाणारा माणूस फोटोत धूसर सावलीसारखा येतो आणि काचेत सोडायला आलेल्यांचीच तोंडं दिसतात. अशा फोटोखाली ओळ लिहायला बसलो की पहिला प्रश्न हाच असतो: निघालंय कोण?

वर्तमानपत्रात असताना मी रोज फोटोओळी लिहीत असे. तिथला शिरस्ता ठरलेला. पहिल्या वाक्यात कोण, कुठे, काय करताना. दुसऱ्यात मागची हकिकत. जागा उरली तर छायाचित्रकाराचं नाव. आता मंडईच्या मागच्या गल्लीत एका फ्रेमवाल्या मित्राच्या दुकानात संध्याकाळी बसतो. लोक घरचे फोटो फ्रेम करायला आणतात आणि खाली माउंटवर दोन शब्द हवे असतात. बारा बाय आठच्या फोटोखाली माउंटची जी पट्टी सुटते, तिच्यावर सुबक अक्षरात तीनच ओळी बसतात. चौथी घुसवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. तेव्हा तीन वाक्यांचा माझा नियम साहित्यातून आलेला नाही, पुठ्ठ्यातून आलेला आहे.

गेल्या पावसाळ्यात मंडईतल्या एका गाळेवाल्याचा मुलगा फोटो घेऊन आला. रे मार्केटमध्ये, म्हणजे 1886 साली उभ्या राहिलेल्या मूळ दगडी इमारतीत, त्याच्या वडिलांचा आलं-मिरची-लिंबाचा गाळा आहे. फोटो पुणे स्टेशनवरचा, झेलम एक्स्प्रेसचा. खिडकीच्या गजाआड मोठी बहीण, बाहेर वडील, त्यांच्या हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. "काका, बाप-लेकीच्या नात्यावर काहीतरी छान लिहा," तो म्हणाला.

नातं फोटोत दिसतच होतं. ते पुन्हा शब्दांत लिहिलं की वाचणारा फोटोवरून नजर काढून घेतो. पाणावलेले डोळे, जड अंतःकरण, हलणारा हात हे शब्द मी याच कारणासाठी टाळतो. डोळे पाणावले असतील तर ते दिसतील, नसतील तर ओळ खोटी ठरेल. फोटो एका क्षणाच्या आधीचं सांगत नाही, नंतरचं सांगत नाही आणि बंद पिशवीत, पुडीत, खिशात काय आहे तेही सांगत नाही. माझी तीन वाक्यं साधारण या तीन जागी जातात.

म्हणून मी त्याला खाली बसवून विचारायला लागलो. ताई कुठे निघाली होती? दिल्लीला, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. सोडायला कोण गेलं होतं? बाबा आणि मी. फोटो मीच काढला. तेव्हा गाळ्यावर कोण होतं? इथे तो थांबला. "कोणीच नाही. बाबांनी गाळा बंद ठेवला."

झेलम पुण्याहून संध्याकाळी सुटते. मंडईत ती कामावरून घरी परतणाऱ्या गिऱ्हाइकांची वेळ. त्या वेळी गाळा बंद ठेवणं म्हणजे काय, हे मंडईतल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण फोटोत ते कुठेच नाही. पहिलं वाक्य मिळालं. त्यातच गाडीचं नाव आणि निघालंय कोण हेही बसवता येत होतं.

मग पुडी. "लिंबं होती. ताईला गाडी लागते." दुसरं वाक्य त्याने आयतंच दिलं. मी फक्त 'काळजीने' हा शब्द त्याच्या आग्रहाला न जुमानता बाहेर ठेवला. गाडी लागणाऱ्या मुलीला लिंबं देणारा बाप काळजी करतोय, हे वाचणाऱ्याला कळतं. बापाच्या सदऱ्याच्या खिशातून प्लॅटफॉर्म तिकिटाचं टोकही दिसत होतं, तेही मुलाला लिहायला हवं होतं. दहा रुपयांचं ते तिकीट सोडायला येणाऱ्या सगळ्यांच्याच खिशात असतं. लिंबं या एकाच घराची होती.

तिसरं वाक्य सगळ्यांत अवघड, कारण तिथे उपदेशाचा मोह होतो. मुलाने सुचवलं, 'आज तिच्या जाण्याचं सार्थक झालं.' मला गाडी सुटल्यानंतर घडलेली एखादी गोष्टच हवी होती, शक्य तितकी लहान. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर 1943 साली आल्फ्रेड आयझेनस्टाट यांनी युद्धावर निघालेल्या सैनिकांचे आणि त्यांना निरोप देणाऱ्या बायकांचे फोटो काढले. ते पाहताना मला हटकून एकच वाटतं: यातला कोण परत आला? घरच्या फोटोला ती सोय असते. गाडी सुटल्यावर काय झालं, हे विचारायला माणूस फोनवर मिळतो. मुलाने तिथूनच बहिणीला फोन लावला. ती हसत सुटली. रात्री मनमाड आलं तेव्हा तिने घरी फोन केला होता, म्हणाली; लिंबं तशीच पडून होती आणि तिला भूक लागली होती.

फ्रेमवर गेलं ते असं:

झेलम एक्स्प्रेसने दिल्लीला शिकायला निघालेल्या लेकीसाठी बाबांनी भर संध्याकाळी मंडईतला गाळा बंद ठेवला. पुडीत लिंबं आहेत, कारण तिला गाडी लागते. मनमाडहून तिचा फोन आला: लिंबं तशीच आहेत, भूक लागली आहे.

यात क्रियापदांची थोडी कारागिरी आहे. मराठी वाक्य क्रियापदावर येऊन थांबतं. त्यामुळे तिन्ही वाक्यं 'होता, होती, होतं' करत संपली तर ओळ शाळेतल्या निबंधासारखी वाजते. शिवाय तिन्हींना भूतकाळ दिला तर फोटोतला क्षणही जुना होतो. मी गाळा भूतकाळात ठेवला आणि पुडी वर्तमानात, कारण ती बघणाऱ्याच्या समोर आहे. फोन भूतकाळात आला, पण त्यातलं तिचं बोलणं तिच्याच काळात राहू दिलं. शेवटी 'भूक' आली ती माझी हुशारी नव्हे, तिनेच त्या क्रमाने सांगितलं होतं. तपासणी एकच करतो: फोटो हाताने झाकून तीन वाक्यं वाचायची. ती एकटीच पुरेशी वाटली तर जास्त सांगून झालंय, आणि फोटो बघितल्याशिवाय चैन पडेना तर बरोबर.

वडील फ्रेम न्यायला आले तेव्हा त्यांनी ओळी वाचल्या आणि एकच दुरुस्ती सांगितली: लिंबांबरोबर आल्याचा तुकडाही होता. पट्टीवर जागा नव्हती, आलं राहून गेलं.

तुमच्या घरी असा फोटो असेल तर विचारायला माणसं आहेत तोवर मागच्या बाजूला, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने एवढं लिहून ठेवा: निघालं कोण, गाडी कोणती, हातात काय होतं. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब समोरच्या चेहऱ्यांवर उमटतो.