पापण्यांचे केस वाढतात, पण कशामुळे?

काजळाची एक रेघ ओढली की डोळे सजले, असे आजवर मानले जाई. आता मुलींना पापण्यांचे केसही लांब, दाट आणि वर वळलेले हवे असतात. त्यासाठी केस वाढवणारी सीरम आणि घरच्या घरी केस वळवण्याचे संच सहज विकत मिळतात. पण बाटलीत नेमके आहे काय, हे पाहण्याची तसदी कितीजणी घेतात?

रायपूरच्या तात्यापारा भागातील एका मराठी घरात ही हौस शिरली ती आजीच्या औषधातून. आजीच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू. त्यासाठी रोज रात्री बायमॅटोप्रॉस्टचा एक थेंब घालावा लागे. काही महिन्यांनी नातीच्या लक्षात आले, की आजीच्या डाव्या पापणीचे केस उजवीपेक्षा लांब आणि काळे दिसतात. नातीचे लग्न चार महिन्यांवर आलेले. तिने गुपचूप तोच थेंब काडीने आपल्या पापण्यांच्या कडेला लावायला सुरुवात केली.

तिचे निरीक्षण अगदी बरोबर होते. हे औषध २००१ साली अमेरिकेत काचबिंदूसाठी मंजूर झाले आणि पापण्यांचे केस वाढणे हा त्याचा दुष्परिणाम म्हणून नोंदला गेला. पुढे २००८ च्या डिसेंबरात तिथल्या औषध नियंत्रकांनी तेच ०.०३ टक्क्यांचे द्रावण केस वाढवण्यासाठीही मंजूर केले, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. या औषधाने केसाची वाढीची अवस्था लांबते. फरक साधारण दोन महिन्यांनी दिसतो, पुरता परिणाम चार महिन्यांनी. लावणे थांबवले की केस हळूहळू पूर्ववत होतात.

दीड महिन्यात नातीच्या पापण्यांची कड काळसर, लालसर दिसू लागली, खाजही येई. काकूंनी खोदून विचारले आणि तिला सरळ नेत्रतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरांनी समजावले, की पापणीच्या त्वचेचा काळेपणा औषध थांबवल्यावर बहुधा कमी होतो. पण या औषधाने डोळ्याभोवतीची चरबी झिजून डोळे खोल गेल्यासारखे दिसू शकतात आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाचा रंग गडद झाला तर तो तसाच राहतो. शिवाय एकाच बाटलीत दोघींची काडी बुडाली, तर जंतू आजीच्या डोळ्यात जाण्याचा धोका.

"मग दुकानातले सीरम लावू का? ते तर सौंदर्यप्रसाधन आहे," नातीने विचारले.

"आधी घटकांची यादी वाच," डॉक्टर म्हणाले.

काही सीरममध्ये याच औषधाची भावंडे असतात, उदाहरणार्थ आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट. नावात कुठेही 'प्रोस्ट' आढळले, की ते काचबिंदूच्या औषधाच्या कुळातले समजावे. त्याने केस वाढतील, पण धोकेही तेच. काचबिंदूच्या रुग्णाने तर असे सीरम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये, कारण मूळ औषधाच्या कामात अडथळा येऊ शकतो. ज्यात केवळ पेप्टाइड, बायोटिन, पॅन्थेनॉल किंवा एरंडेल असते, त्याने केस मऊ आणि चमकदार दिसतात. नवी वाढ होते, याला भक्कम पुरावा नाही.

केस वळवण्याच्या संचाची गोष्ट वेगळी. यात केस वाढत नाहीत, नुसते वाकतात. पापणीवर सिलिकॉनची पट्टी ठेवून केस गोंदाने तिच्यावर चिकटवतात. मग थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असलेले द्रव्य लावतात. ते केसातील गंधकाचे बंध तोडते. काही मिनिटांनी दुसरे द्रव्य लावले, की नव्या आकारात बंध पुन्हा जुळतात. डोक्याचे केस कुरळे करण्याचीच ही रीत आहे, फक्त डोळ्यापासून केसभर अंतरावर. युरोपात पापण्यांसाठी हे द्रव्य ११ टक्क्यांपर्यंत आणि केवळ व्यावसायिकांनाच वापरता येते. घरी आरशासमोर एक डोळा उघडा ठेवून दुसऱ्यावर काम करताना द्रव्य आत ओघळले, तर डोळ्याचा पारदर्शक पडदा भाजतो. वेळ जास्त झाली तर केस ठिसूळ होऊन तुटतात. कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी थेंब लावून पाहिल्यास ॲलर्जी कळू शकते, डोळा भाजण्याचा धोका मात्र त्याने टळत नाही.

नातीने संच परत केला. लग्नात तिने नवा मस्कारा लावला, रात्री पुसून झोपली.

असे द्रव्य डोळ्यात गेलेच, तर डोळा चोळू नये. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढावी. पापणी उघडी धरून किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी, मगच दवाखान्याकडे निघावे. धूसर दिसणे, उजेड सहन न होणे किंवा दुखणे न थांबणे, यांपैकी एकही लक्षण असेल, तर सकाळची वाट पाहू नये.