आयटी सरांचं पत्र आणि दोन केबीचं फोल्डर



पत्रलेखन शिकवताना आपण मुलांना सांगतो की कार्यालयीन पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात : कोणाला, कशासाठी, कधीपर्यंत आणि काय करायचं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या संस्थेच्या मुख्य कार्यालयातून आयटी मॅनेजर सरांचं असंच एक पत्र आलं. शाळेतल्या सर्व कर्मचाऱ्यांना ते बंधनकारक होतं. पत्राचा मुख्य भाग असा होता :

"विषय : विंडोज ११ प्रणाली बसविणेबाबत.

विंडोज १० या प्रणालीचे सुरक्षा अपडेट दि. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मोफत मिळणार नाहीत. त्यामुळे कार्यालय व शाळांतील सर्व संगणकांवर दि. २६ सप्टेंबरनंतर विंडोज ११ बसविण्यात येईल. तत्पूर्वी प्रत्येकाने आपली माहिती स्वतः जतन करून घ्यावी. डेस्कटॉप, डाउनलोड्स व डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर तपासावेत. ब्राउझरमधील बुकमार्क व मराठी फॉन्ट विसरू नयेत. जतन केलेली माहिती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय सही करू नये."

स्टाफरूममध्ये हे पत्र वाचून एक गुरुजी म्हणाले, "अहो मॅडम, करा कॉपी-पेस्ट आणि द्या सही करून. त्यात एवढं काय?" मी मात्र त्या शेवटच्या वाक्यावर अडकले होते. कारण तेच एक वाक्य २०२० साली मला कुणी सांगितलं असतं, तर माझं बरंच काही वाचलं असतं.

२०२० मध्ये काय झालं?

विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली, तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत होते. संगणक फॉरमॅट होणार असं कळल्यावर मी आदल्या दिवशी डेस्कटॉपवरचं सगळं निवडलं आणि पेन ड्राइव्हमध्ये टाकलं. त्यात "वाचन उपक्रम" नावाचं फोल्डर होतं. पहिली ते तिसरी, अशी तीन वर्षं मी एकाच वर्गाला शिकवलं होतं. दर महिन्याला प्रत्येक मूल एक उतारा वाचायचं आणि मी तो रेकॉर्ड करून ठेवायचे. अक्षर जोडत वाचणारं मूल पुढे सलग कसं वाचू लागतं, ते त्यात ऐकू यायचं.

नवी प्रणाली बसल्यावर मी पेन ड्राइव्ह लावून फोल्डरवर क्लिक केलं. ते उघडेना. आकार पाहिला तर फक्त २ केबी! डेस्कटॉपवर होतं ते फोल्डर नव्हतंच, तो शॉर्टकट होता. शॉर्टकट म्हणजे घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. मी चिठ्ठी जपली आणि घर पुसलं गेलं. खरं फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये होतं आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला होता.

शॉर्टकट ओळखणं सोपं आहे. चिन्हाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण असतो. तो दिसला की राइट क्लिक करून Open file location निवडा, म्हणजे मूळ फाइल किंवा फोल्डर जिथे आहे ती जागा उघडते. कॉपी तिथून करायची.

फाइली नेमक्या कधी जातात?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नवी प्रणाली बसवली की सगळं पुसलं जातंच, असं नाही. चालू विंडोज १० वरूनच "अपग्रेड" केलं आणि फाइली ठेवण्याचा पर्याय निवडला, तर आपल्या फाइली आणि बहुतेक प्रोग्राम जागच्या जागी राहतात. जुनी प्रणाली Windows.old या फोल्डरमध्ये साधारण दहा दिवस राहते आणि तेवढ्या काळात मागेही फिरता येतं. पण सी ड्राइव्ह फॉरमॅट करून कोरी प्रणाली टाकली, की त्या ड्राइव्हवरचं सगळं जातं, Windows.old सुद्धा उरत नाही. डेस्कटॉप आपल्याला समोर दिसतो म्हणून तो वेगळा वाटतो, पण तो सहसा सी ड्राइव्हवरच असतो.

आपल्या संगणकावर यातलं काय होणार, हे आधी विचारा. मी आयटी सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा लॅपटॉप अपग्रेड होईल. ऑफिसमधला जुना डेस्कटॉप मात्र विंडोज ११ घेणारच नाही. त्याचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय-थ्री आहे, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिपही हवी. तो संगणक बदलणार आहोत. पण जतन दोन्हीकडचं करा. अपग्रेड चालू असताना लाइट गेली किंवा डिस्कच बिघडली, तर शेवटी कोराच करावा लागतो."

मी जतन कसं केलं?

या वेळी डेस्कटॉपवरून सुरुवात केलीच नाही. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबलं, आलेल्या चौकटीत पुढचा शब्द टाइप केला आणि एंटर दिलं :

```
%userprofile%
```

आपल्या नावाचं मूळ फोल्डर उघडतं. Desktop, Documents, Downloads, Pictures सगळी खरी फोल्डरं एकाच ठिकाणी दिसतात. (तुमच्याकडे वनड्राइव्ह चालू असेल तर यातली काही OneDrive नावाच्या फोल्डरच्या आत असतात, तेही उघडून पाहा.) मी डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून Properties पाहिलं आणि वहीत लिहिलं : १,१४६ फाइली. मग ते फोल्डर पेन ड्राइव्हमध्ये कॉपी केलं.

मध्येच एक सूचना आली की फाइल फार मोठी आहे. घाईत Skip दाबलं. शेवटी पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचं Properties पाहिलं तर १,१४५ फाइली. एक कमी! शोधल्यावर सापडलं : स्नेहसंमेलनाचा ५ जीबीचा व्हिडिओ गेलाच नव्हता. पेन ड्राइव्हमध्ये जागा भरपूर होती, पण तो FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. मी व्हिडिओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला. पेन ड्राइव्ह रिकामा करून exFAT मध्ये फॉरमॅट केला तरी चालतं. आकडे लिहून ठेवले नसते, तर ही एक फाइल गेल्याचं मला कधी कळलंच नसतं.

ब्राउझरचे बुकमार्क फाइलींच्या यादीत दिसत नाहीत. क्रोममध्ये Ctrl, Shift आणि O एकत्र दाबलं की बुकमार्कची खिडकी उघडते. तिथल्या तीन टिंबांवर Export bookmarks आहे. त्याची एक छोटी फाइल तयार होते, तीही पेन ड्राइव्हमध्ये घेतली. पासवर्डची फाइलही अशीच काढता येते, पण ती कुणालाही सरळ वाचता येते. त्यामुळे शाळेच्या पेन ड्राइव्हमध्ये ती ठेवू नका.

मराठी फॉन्टचं काय?

हा मुद्दा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने, स्वाध्याय बऱ्याचदा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. या फाइलीत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. कृतिदेवमध्ये "मराठी" हा शब्द आत असा असतो :

```
ejkBh
```

नव्या किंवा कोऱ्या केलेल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर पूर्ण प्रश्नपत्रिका अशी दिसते. आमच्या एका बाईंनी अशी फाइल पाहून "खराब झाली" म्हणून डिलीट केली होती. ती खराब झालेली नसते, फक्त फॉन्ट नसतो.

म्हणून फॉन्टही जतन करायचा. C:\Windows\Fonts उघडून आपला फॉन्ट शोधायचा, तो कॉपी करून पेन ड्राइव्हमध्ये टाकायचा. नव्या संगणकावर त्या .ttf फाइलवर राइट क्लिक करून Install म्हणायचं. शिवाय, ज्या फाइली फक्त छापायच्या आहेत त्या जुन्याच संगणकावर पीडीएफ करून घ्याव्यात. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच साठवला जातो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. ज्या फाइलींत पुढे बदल करायचे आहेत त्या सवडीने युनिकोडमध्ये आणाव्यात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं चुकतात, तेव्हा मूळ छापील प्रत शेजारी ठेवून तपासा.

सहीच्या आधी

२५ तारखेला मी पेन ड्राइव्ह घरी आणला आणि घरच्या संगणकाला लावला. प्रत्येक फोल्डरमधली एक जुनी, एक नवी आणि एक मोठी फाइल उघडली. एका प्रश्नपत्रिकेत ejkBh दिसलं, म्हणजे आणखी एक फॉन्ट घ्यायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत लवकर जाऊन तो घेतला आणि मगच सही केली. अपग्रेड चालू असताना पेन ड्राइव्ह संगणकाला लावून ठेवला नाही, आणि काम झाल्यावरही महिनाभर त्यातलं काही पुसलं नाही.

लॅपटॉप नीट अपग्रेड झाला. सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या, पेन ड्राइव्हची गरजच पडली नाही. जुन्या डेस्कटॉपच्या जागी नवा संगणक आला, त्याला मात्र फॉन्टपासून सगळं पेन ड्राइव्हमधूनच द्यावं लागलं.

सध्या माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. वाचनाची रेकॉर्डिंग मी पुन्हा सुरू केली आहेत. ती लॅपटॉपवर एक आणि हार्ड डिस्कवर एक, अशी दोन ठिकाणी असतात, आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हार्ड डिस्कवरचं एखादं रेकॉर्डिंग मी वर्गात लावून ऐकवते. मुलांना स्वतःचा आवाज ऐकायला मजा येते, आणि फाइल उघडते आहे हे मला कळतं.

तुमच्या शाळेत किंवा घरी अजून विंडोज १० असेल, तर आज एवढंच करा : विंडोज बटण आणि R दाबून winver टाइप करा, कोणती प्रणाली आहे ते दिसेल. मग डेस्कटॉपवरच्या फोल्डरांकडे नीट पाहा. कोपऱ्यात बाण कुठे कुठे आहे?

आपलीच,
एक प्राथमिक शिक्षिका